समजा, सगळं फसलं

‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हटल्यावर ‘मांडवाला आग लागली’ असं सांगणारा नाऱ्या आपल्याकडे चेष्टेचा धनी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी मात्र त्याला मानाने बैठकीला बसवलं. 2007 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त त्यांनी एक पद्धत मांडली. काम सुरू करण्याआधी सगळ्यांना सांगायचं, की हे काम सपशेल बुडालं आहे. आता ते का बुडालं, हे ज्याने त्याने आपापल्या कागदावर लिहायचं. हेच प्री-मॉर्टेम. क्लाइन यांच्यासमोर कंपन्या होत्या, पण घरच्या पैशांच्या योजनेला या पद्धतीची गरज जास्त आहे. कंपनीचे हिशेब तपासायला बाहेरचा ऑडिटर तरी येतो. घरात हिशेब मांडणारा आणि तपासणारा एकच असतो.

उदाहरणादाखल नाशिकचं एक घर घेऊ. नवरा 45 वर्षांचा, खासगी कारखान्यात नोकरीला, पेन्शन नाही. बायको घरी शिकवण्या घेते, मुलगी इंजिनिअरिंगला आहे. गृहकर्जाचा हप्ता सोडून घरखर्च महिन्याला 60 हजार. नवऱ्याची योजना वहीच्या एका पानात मावते: दरमहा 30 हजारांची एसआयपी, 12 टक्के परतावा, साठाव्या वर्षी दीड कोटी. त्यात पीएफचे अंदाजे 45 लाख.

रविवारी सकाळी तिघं टेबलाशी बसतात. समजायचं असं, की पंधरा वर्षं उलटली आहेत आणि योजना फसली आहे. प्रत्येकाने दहा मिनिटं एकही शब्द न बोलता कारणं लिहायची. लिहिताना ‘होऊ शकेल’ नाही, ‘झालं’ असंच लिहायचं, कारण शक्यतेशी माणूस वाद घालत बसतो. घडून गेलेल्या गोष्टीचं कारण मात्र तो शोधू लागतो. मग एकेकाने एकेक कारण वाचायचं. ‘असं कसं होईल?’ हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारायचा नाही. घरातल्या कर्त्या माणसाने शेवटी वाचलेलं बरं. तो आधी बोलला, की बाकीचे आपल्या चिठ्ठ्या मनातल्या मनात दुरुस्त करतात.

नवऱ्याच्या चिठ्ठीत अपेक्षेप्रमाणे पहिलं कारण ‘मार्केट पडलं’ हे असतं. ते खोटं नाही. जानेवारी 2020 मध्ये 42 हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स 23 मार्चला 26 हजारांखाली बंद झाला होता. निवृत्ती नेमकी अशा महिन्यात आली तर पडलेल्या भावाने युनिटं विकून घर चालवावं लागतं. यावरचा उपाय आज लिहून ठेवता येतो: पंचावन्नाव्या वर्षापासून दर वर्षी थोडं थोडं काढून निवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांचा खर्च मुदत ठेवींत न्यायचा, बाजार कितीही चढता असला तरी.

मुलीची चिठ्ठी जास्त अडचणीची निघते. तिने लिहिलंय, ‘दीड कोटी झाले, पण पुरले नाहीत.’ म्हणजे योजना यशस्वी होऊन फसली. महागाई 6 टक्के धरली तर आजचे 60 हजार पंधरा वर्षांनी सुमारे 1 लाख 44 हजार होतात, म्हणजे वर्षाला सव्वासतरा लाख. निवृत्तीनंतरचा परतावा महागाईइतकाच मिळाला, तर पीएफ धरूनही पैसे अकरा-साडेअकरा वर्षांत संपतात. तेव्हा दोघं जेमतेम सत्तरीला आलेली असतील.

इथे बहुतेक जण जास्त परताव्याचा फंड शोधायला निघतात. त्याआधी आकडा दुसऱ्या बाजूने हलवून बघावा. परतावा 12 ऐवजी 10 टक्केच धरा, पण हप्ता दर वर्षी 10 टक्क्यांनी वाढवा. दीड कोटींच्या जागी सव्वादोन कोटींच्या आसपास रक्कम होते. परताव्याचे दोन टक्के आपल्या हातात नाहीत, हप्ता आहे. मात्र शेवटच्या वर्षी तो महिन्याला 1 लाख 14 हजारांच्या घरात जातो. गृहकर्ज फिटल्यावर त्याचा हप्ता इकडे वळवला आणि पगारही वाढत राहिला, तरच हे जमेल. एवढं करूनही पैसे पंच्याहत्तरीपर्यंतच पोहोचतात. म्हणून आणखी दोन-तीन वर्षं काम करायचं की मोठं घर विकून लहान घ्यायचं, हा प्रश्न त्याच टेबलावर येतो. पंचेचाळीसाव्या वर्षी तो निवांतपणे बोलता येतो, एकोणसाठाव्या वर्षी तेवढी उसंत नसते.

बायकोने लिहिलेलं पहिलं कारण: ‘तुम्ही अचानक गेलात आणि मला काहीच सापडलं नाही.’ यावर ‘सगळं फाइलमध्ये आहे’ हे उत्तर ऐकून घेऊ नये. त्याच दिवशी तालीम करावी. नवऱ्याने बाहेर जायचं आणि बायकोने घरातल्या कागदांवरून सगळी गुंतवणूक शोधायची. फंडाच्या खात्यात शिरताना ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो, स्टेटमेंटं त्याच्या ई-मेलवर येतात, आणि एका जुन्या फोलिओवर नॉमिनी म्हणून अजून सासूबाईंचं नाव असतं. लग्नाआधी उघडलेला फोलिओ, नंतर कुणी पाहिलाच नाही. शिवाय नॉमिनी म्हणजे मालक असं सरसकट धरता येत नाही. शेअर्सच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्टच सांगितलं, की नॉमिनी झाल्याने वारसांचे हक्क संपत नाहीत. त्यामुळे नॉमिनी बदलायचाच, पण मृत्युपत्रही करायचं. काम कुणाचं आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे चिठ्ठीवरच लिहायचं.

तिचं दुसरं कारण वाचताना आवाज जरा खाली येतो. ‘भाऊजींच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिलात.’ महाराष्ट्रात किती योजना या एका सहीने बुडाल्या असतील! भारतीय करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं सहसा म्हणता येत नाही. पतसंस्थेने कलम 101 चा वसुली दाखला मिळवला, की पगारदार जामीनदार सापडायला सर्वांत सोपा.

माझ्या मते यावर एकच नियम चालतो: सही कुणालाच द्यायची नाही, त्याऐवजी परत आले नाहीत तरी चालेल एवढे पैसे हातात द्यायचे. नकार देणाऱ्यालाही ‘आमच्या घरात तसं ठरलंय’ म्हणता येतं. आणि एक तटबंदी कायद्यानेच दिली आहे. विवाहित पुरुष टर्म इन्शुरन्स घेताना विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा, 1874 याखाली पॉलिसी बायको-मुलांच्या नावे करू शकतो. मग ते पैसे एरवी त्याच्या देणेकऱ्यांच्या हाती लागत नाहीत. फॉर्मवरचा हा रकाना पॉलिसी घेतानाच भरावा लागतो, नंतर सहसा जोडता येत नाही. एजंट तो बहुधा रिकामाच सोडतात.

काही चिठ्ठ्यांवर उपाय निघतच नाही. कारखाना बंद पडला, दीर्घ आजारपण आलं. यांना सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात आणि आरोग्य विमा एवढाच टेकू देता येतो. अशा चिठ्ठीवर निदान पहिली खूण लिहावी. कारखान्याच्या बाबतीत ती पासबुकात दिसते: पगारातून पीएफ कापला जातोय, पण खात्यात जमा होत नाही. दर तीन महिन्यांनी पासबुक बघायचं काम मुलीकडे द्यायला हरकत नाही. दीड कोटी पुरणार नाहीत, हे तिनेच तर पकडलं होतं.