हेडफोन नसतानाही फोन म्हणतो, हेडफोन आहे!

रिंग वाजते, सकाळचा अलार्म वाजतो, पण व्हिडिओ लावला की फोन मुका. आलेला कॉल उचलला तर पलीकडचं काही ऐकू येत नाही. स्पीकरचं बटण दाबलं की मात्र आवाज खणखणीत येतो. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत हेडफोनचं छोटंसं चिन्ह दिसतं, आणि फोनला तर काहीच जोडलेलं नसतं.

लोक इथे हमखास म्हणतात, ‘स्पीकर गेला.’ तो गेलेला नसतो, याचा पुरावा रिंगच देते. हेडफोन टेबलावर पडलेला असताना कॉल चुकू नये म्हणून बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये रिंग आणि अलार्म हेडफोनमधूनही वाजतात आणि स्पीकरमधूनही. गाणी, व्हिडिओ आणि कॉलमधला आवाज मात्र फक्त हेडफोनकडे जातो. म्हणजे रिंग वाजत असेल तर स्पीकर ठणठणीत आहे. आवाज फक्त भलत्या वाटेला लागलाय.

फोनला हेडफोन लावलेला कळतो तो स्पर्शावरून. साडेतीन मिलिमीटरच्या गोल भोकात आतून पत्र्याच्या बारीक स्प्रिंगपट्ट्या असतात. हेडफोनच्या पिनेवरच्या काळ्या कड्यांमुळे तिचे तीन किंवा चार भाग पडलेले दिसतात, आणि त्यातल्या प्रत्येक भागाला एकेक पट्टी टेकते: डावा कान, उजवा कान, अर्थिंग आणि पीन चार भागांची असेल तर माइक. याशिवाय एक जादा पट्टी असते, तिचं काम फक्त पहारा देण्याचं. काही फोनमध्ये पीन आत गेली की ही पट्टी शेजारच्या पट्टीशी जोडली जाते, काहींमध्ये उलट आधीचा जोड तुटतो. फ्रिजचं दार किती उघडलंय हे आतल्या दिव्याला कळत नाही, त्याला बटण दाबलंय की सुटलंय एवढंच कळतं. फोनचंही तसंच.

त्यामुळे फोनला फसवायला दोन गोष्टी पुरतात. जोडामुळे हेडफोन ओळखणाऱ्या सॉकेटमध्ये ओल शिरली, की दोन पट्ट्यांच्या मधून थोडी वीज वाहते आणि फोन समजतो, पीन आली. जोड तुटल्यावर हेडफोन ओळखणाऱ्या सॉकेटमध्ये कचऱ्याचा गोळा अडकला किंवा पट्टी वाकली, की जोड पुन्हा बसतच नाही आणि फोन समजतो, पीन अजून आहे. आपल्या फोनमध्ये कोणती रचना आहे हे बाहेरून दिसत नाही, पण लक्षणांवरून अंदाज बांधता येतो.

पावसाळ्यात आत्याचा चिपळूणहून फोन आला तेव्हा ती म्हणाली, ‘‘अरे, रिंग वाजते, पण उचलला की कुणी बोलतच नाही. आणि मधूनच ते गुगल आपलं आपणच उघडतं.’’ फोन ओल्या छत्रीबरोबर पर्समध्ये होता. निदान तिच्या दुसऱ्या वाक्यात होतं. पीन आत आली असं वाटलं की फोन माइकच्या पट्टीवर थोडासा दाब देऊन तिथला विद्युतरोध मोजतो. हेडफोनच्या वायरवरची बटणं याच रोधावरून ओळखली जातात. अँड्रॉइडच्या ठरलेल्या मापांत शून्याजवळचा रोध म्हणजे ‘थांब किंवा वाजव’, 240 ओहमच्या आसपास ‘आवाज वाढव’, 470 च्या आसपास ‘आवाज कमी कर’ आणि 135 च्या आसपास ‘असिस्टंट उघड’. ओलीचा रोध एका जागी राहत नाही, सुकताना तो बदलत जातो आणि वाटेत यातल्या एखाद्या मापाजवळ आला की फोनला वाटतं, कुणीतरी बटण दाबलं. म्हणून गाणं आपोआप थांबणं, आवाज खालीवर होणं, असिस्टंट उघडणं ही ओलीची खूण. कचऱ्याचा कोरडा गोळा असे चाळे करत नाही, तो चिन्ह नुसतं अडकवून ठेवतो.

आत्याला मी आधी ब्लूटूथ बंद करायला सांगितलं. कपाटातल्या वायरलेस इअरबडच्या डबीचं झाकण अर्धवट उघडं राहिलं तरी आवाज तिकडे पळतो, आणि हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मग फोन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितला. पीन काढल्याची नोंद कधीकधी सॉफ्टवेअरमध्ये होतच नाही, अशा वेळी एवढ्यावर काम भागतं. पुन्हा सुरू झाल्यावर चिन्ह गेलं आणि परत आलं नाही, तर पुढचं काही करायची गरज नाही. आत्याच्या फोनवर ते लगेच परत आलं. याचा अर्थ दोष सॉकेटात आहे, आणि फॅक्टरी रीसेटने तो जाणार नाही. ओलीला सेटिंग कळत नाही. रीसेटच्या नादात फोटो मात्र जातात.

मग तिने फोन बंद करून, भोक खाली करून तळहातावर हलकेच आपटला आणि पंख्याच्या वाऱ्यात रात्रभर ठेवला. सिलिका जेलच्या पुड्या असलेला घट्ट झाकणाचा डबा असता तर आणखी बरं. तांदळाच्या डब्यात मात्र ठेवू नये. तांदळाचा भुसा आणि पीठ त्याच भोकात शिरतं. ओल्या आयफोनबाबत ॲपलच्या सूचनांतही तांदळाला स्पष्ट मनाई आहे. हेअर ड्रायरने बॅटरी तापते आणि सांधे बंद करणारा चिकट थर मऊ पडतो. तोंडाने फुंकणं म्हणजे तर नवी ओल आत घालणं. ‘माझा फोन वॉटरप्रूफ आहे’ म्हणून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही. त्या सीलने पाणी फोनच्या पोटात जात नाही एवढंच, सॉकेटमधल्या पट्ट्या उघड्याच असतात.

सकाळी चिन्ह गेलेलं होतं, संध्याकाळी पुन्हा आलं. हे ओलीच्या बाबतीत नेहमीचं. पाणी उडून जातं, पण घामातलं किंवा नळाच्या पाण्यातलं मीठ पट्ट्यांवर उरतं, आणि कोकणातल्या दमट हवेत ते पुन्हा ओल धरतं. इथे उपयोगी पडतो तो हेडफोनच. बंद फोनमध्ये त्याची पीन आठ-दहा वेळा सरळ आत घालून बाहेर काढायची, मधूनच आत असताना थोडी फिरवायची. त्याने पट्ट्यांवरचा थर घासला जातो आणि अडकलेली पट्टी सुटतेही. तेवढ्याने भागलं नाही, तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘आयपीए’ मागावं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, 90 टक्क्यांच्या वरचं. पिनेला त्याचा ओलसर हात लावून तीच क्रिया पुन्हा करायची. भोकात थेंब सोडायचे नाहीत, जवळ दिवा किंवा शेगडी नको, आणि अर्धा तास तरी वाळल्यावरच फोन सुरू करायचा. हातांचं सॅनिटायझर याला चालत नाही, त्यात बरेचदा ग्लिसरीन असतं आणि ते चिकटून बसतं. आत्याचा फोन पिनेच्या या घासणीनंतर सुधारला. हिरवट डाग दिसत असते तर सुधारला नसता. तो तांब्याचा गंज, तो पुसून जात नाही.

कचऱ्याची गोष्ट वेगळी. पॅन्टच्या खिशात राहणाऱ्या फोनच्या भोकात टॉर्च मारून पाहा. पीन साधारण 14 मिलिमीटर आत जाते, तेवढ्या खोलीत बाजूला पट्ट्यांचे सोनेरी काठ चमकतात. तळाशी करड्या रंगाची, नमद्यासारखी दाबून बसलेली चकती दिसली तर ती खिशातल्या सुताची. दर वेळी हेडफोन लावताना आपणच ती आणखी दाबलेली असते. हेडफोनची पीन पूर्वीइतकी आत जाईना, ‘टक’ आवाज येईना, तर संशय हिच्यावरच घ्यावा. अशा वेळी आधी पीन घासत बसू नका, चकती आणखी पक्की होते. फोन बंद करा, भोक खाली धरा, लाकडी टूथपिकचं टोक थोडं बोथट करून भिंतीला धरून आत न्या आणि सूत वर ओढून काढा. टोचायचं नाही, उकरायचंही नाही. सेफ्टी पिन, सिमची सुई, केसांची पीन यांतलं काहीही आत घालू नका. पट्टी एकदा वाकली की फोनचं फसणं कायमचं होतं, आणि घरगुती चुकांत ही सर्वात महागात पडणारी. आत हेडफोनचं तुटलेलं टोक अडकलेलं दिसलं तरी त्याच्या वाटेला जाऊ नका, काडीला गोंद लावून ओढायच्या नादात सॉकेट कायमचं चिकटतं.

गोल भोक नसलेले फोनही याला अपवाद नाहीत. टाइप-सी सॉकेटच्या काही पट्ट्या नुसत्या ओळख पटवण्यासाठी असतात. त्यातल्या दोन पट्ट्या ठरावीक लहान रोधाने एकाच वेळी अर्थिंगशी जोडल्या गेल्या, की ही सोय असलेला फोन समजतो, साधा हेडफोन-अडॅप्टर आला. ओल हे सोंग घेऊ शकते. उपाय तेच, वाळवणं आणि सूत काढणं. मात्र इथे चार्जर आधी बाजूला काढायचा आणि मधल्या पातळ जिभेवर जोर द्यायचा नाही. ओल असताना चार्जिंगला लावलं तर पट्ट्या झपाट्याने गंजतात.

आवाज जबरदस्तीने स्पीकरकडे वळवणारी ॲप मिळतात. दुकान गाठेपर्यंत ती चालवून घ्यायला हरकत नाही, पण काहींवर कॉलचा आवाज वळत नाही, आणि ॲप बंद पडलं की फोन पुन्हा मुका. सॉकेट त्याने दुरुस्त होत नाही. कॉलपुरतं तर स्पीकरचं बटण किंवा ब्लूटूथ पुरेसं आहे.

एवढं करूनही चिन्ह हटलं नाही, तर सॉकेट बदलायचं. अनेक फोनमध्ये ते चार्जिंगच्या छोट्या सब-बोर्डवर बसवलेलं असतं, तो बोर्ड बदलणं सोपं आणि स्वस्त. काही फोनमध्ये ते थेट मुख्य बोर्डावर असतं, तिथे डाग देणारा हात चांगला लागतो. म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा, की माझ्या मॉडेलमध्ये सॉकेट कोणत्या बोर्डावर आहे. आधी साफ करून पाहणार की थेट बदलणार, हेही विचारून घ्या. यावर सरळ उत्तर न देता कुणी ‘स्पीकर बदलावा लागेल’ म्हणालं, तर त्याच्यासमोर फोनची रिंग वाजवून दाखवा आणि दुसरं दुकान गाठा.