स्वतःची काळजी नेमकी कुठे अडते?

अमेरिकन परिचारिका डोरोथिया ओरेम यांच्या सिद्धांतानुसार, स्वतःची काळजी घेण्याची गरज रुग्णाच्या क्षमतेपेक्षा मोठी झाली की परिचर्या लागते. केस स्टडीत ही तफावत नेमकी शोधायची असते. समजा, साठीतल्या एका मधुमेही बाईंना रोज इन्सुलिन घ्यायचे आहे. डोस, वेळ, टोचण्याची जागा त्या अचूक सांगतात. पण नजर अधू झाल्याने सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत. विद्यार्थी इथे सवयीने ‘ज्ञानाचा अभाव’ लिहितात आणि शिकवण्याची योजना आखतात. ती फसणारच, कारण उणीव नजरेची आहे. इथे ओरेम यांची अंशतः भरपाईची पद्धत लागू पडते: डोस नर्स मोजून भरेल, टोचून बाई स्वतः घेतील. पुढे चुकलेले डोस आणि रक्तातली साखर पाहून योजना तपासायची.