उरलेल्या औषधाचा हिशेब

दम्याच्या दोन औषधांची तुलना करायची आहे. एक सरळ मार्ग म्हणजे निम्म्या मुलांना एक औषध द्यायचं, उरलेल्यांना दुसरं. पण मुलामुलांच्या फुफ्फुसांत इतका फरक असतो, की औषधांमधला फरक त्या गर्दीत हरवून जातो. म्हणून प्रत्येक मुलाला दोन्ही औषधं आळीपाळीने देतात. काहींना आधी अ आणि मग ब, इतरांना आधी ब आणि मग अ. कुणाला कुठला क्रम मिळणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. हीच क्रॉसओव्हर चाचणी. इथे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, त्यामुळे थोड्या मुलांतही काम भागतं. या सोयीची किंमत मात्र अहवाल लिहिताना चुकवावी लागते.

ग्राफ-लोनेविग आणि ब्रोवाल्ड यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेली एक छोटी चाचणी संख्याशास्त्रज्ञ स्टीफन सेन यांच्या पुस्तकामुळे या विषयातलं नेहमीचं उदाहरण बनली. दम्याच्या 13 मुलांची आकडेवारी त्यात आहे. औषधं दोन, फॉर्मोटेरॉल आणि साल्ब्युटामॉल. औषध ओढल्यानंतर आठ तासांनी मुलाला जोरात फुंकायला लावून पीक फ्लो मोजला, म्हणजे हवा मिनिटाला किती लिटर वेगाने बाहेर पडते ते. सात मुलांना फॉर्मोटेरॉल आधी मिळालं, सहांना साल्ब्युटामॉल आधी.

प्रत्येक मुलाच्या फॉर्मोटेरॉलच्या आकड्यातून साल्ब्युटामॉलचा आकडा वजा करू. फॉर्मोटेरॉल आधी घेतलेल्या सात मुलांत सरासरी फरक 30.7 निघतो, उरलेल्या सहांत 62.5. दोन्हीकडे फॉर्मोटेरॉलच सरस आहे, पण एका गटात दुपटीने. असं का व्हावं?

पहिला संशयित म्हणजे फेरी. दुसऱ्या खेपेला मुलं यंत्रात फुंकायला सरावलेली असतात, ऋतू पालटलेला असू शकतो, दमा आपसूक कमी झालेला असू शकतो. दुसऱ्या फेरीत सगळ्यांचे आकडे वाढत असतील, तर जे औषध दुसरं आलं त्याला ती वाढ फुकट मिळते. 30.7 आणि 62.5 यांच्यातला फरक 31.8. त्याचा निम्मा 15.9 हा फेरीचा परिणाम धरला, तर हिशेब जुळतो: औषधांचा खरा फरक 46.6. फॉर्मोटेरॉल आधी आलं तिथे त्यातून 15.9 वजा झाले, नंतर आलं तिथे तेवढेच मिळाले.

याचा बंदोबस्त सोपा आहे. तेराही फरकांची एकत्र सरासरी काढायची नाही; ती 45.4 येते आणि त्यात सात मुलांच्या गटाचं वजन जास्त पडतं. दोन्ही गटांच्या सरासऱ्यांची सरासरी काढायची, म्हणजे फेरीचा परिणाम आपोआप कटतो. इथे गट जवळपास सारखे असल्यामुळे दोन आकड्यांत फारसं अंतर नाही. पण एका क्रमात दहा आणि दुसऱ्यात तीनच मुलं उरली असती, तर साधी सरासरी चांगलीच घसरली असती. म्हणून अहवालात प्रत्येक क्रमात किती जण होते आणि प्रत्येक फेरीची सरासरी किती, हे वेगवेगळं द्यायचं असतं. वाचणाऱ्याला मग गणित पडताळता येतं.

दुसरा संशयित जास्त अवघड आहे. पहिल्या फेरीतलं फॉर्मोटेरॉल शरीरात उरलं असेल आणि साल्ब्युटामॉलच्या फेरीतही काम करत असेल तर? मग साल्ब्युटामॉलचा आकडा फुगेल, फरक आकसेल आणि 30.7 चं कारण हेच ठरेल. त्या परिस्थितीत औषधांचा खरा फरक 46.6 नसून 62.5 च्या आसपास असेल. यालाच कॅरीओव्हर म्हणतात. 30.7 आणि 62.5 हे दोन आकडे फेरीमुळे आलेत की कॅरीओव्हरमुळे, हे त्या आकड्यांकडे कितीही बघत बसलं तरी कळत नाही.

मग त्याची चाचणी घ्यावी, असं साहजिकच वाटतं. ग्रिझल यांनी 1965 मध्ये तशी रीत मांडली. प्रत्येक मुलाच्या दोन्ही फेऱ्यांची बेरीज करायची. कॅरीओव्हर नसेल, तर दोन्ही गटांच्या बेरजा सारख्याच यायला हव्यात. तसं आढळलं तर क्रॉसओव्हरचं विश्लेषण करायचं. नाही तर दुसरी फेरी सोडून फक्त पहिलीवर निकाल द्यायचा. आपल्या मुलांत बेरजांची सरासरी 643.6 आणि 629.2 येते. फरक फक्त 14.4, म्हणजे कॅरीओव्हर नाही असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटेल. पण या फरकाची 95 टक्के विश्वास-मर्यादा उणे 163 पासून 191 पर्यंत पसरलेली आहे. ज्या 31.8 चा आपल्याला संशय आहे, तो तिच्यात आरामात बसतो. कारण बेरजेत मुलामुलांमधला सगळा फरक परत येतो. एका मुलाची बेरीज 310 आहे, दुसऱ्याची 800. जो गोंधळ टाळायला क्रॉसओव्हर निवडलं, त्याच गोंधळात ही चाचणी उभी आहे.

त्याहून वाईट गोष्ट फ्रीमन यांनी 1989 मध्ये दाखवली. आधी कॅरीओव्हरची चाचणी आणि मग तिच्या निकालाप्रमाणे विश्लेषण, ही दोन पायऱ्यांची रीत वापरली, तर खोटा निकाल खरा ठरण्याची शक्यता ठरवलेल्या 5 टक्क्यांवर राहत नाही; ती 7 ते 9.5 टक्क्यांपर्यंत जाते. कारण बेरजेत पहिल्या फेरीचा आकडा असतोच. योगायोगाने तो एका गटात फुगला, तर बेरजाही वेगळ्या दिसतात, आणि मग नेमक्या त्याच फुगलेल्या आकड्यावर निकाल दिला जातो. म्हणून अहवालात ‘कॅरीओव्हरची चाचणी केली, तो आढळला नाही’ एवढंच वाचलं, तर जाणत्या वाचकाचं समाधान होत नाही.

उत्तर आकडेवारीत नसेल, तर ते चाचणी सुरू होण्याआधीच ठरलेलं असावं लागतं. दोन फेऱ्यांमध्ये औषध न देता जो काळ जाऊ देतात, त्याला वॉशआउट म्हणतात. आपल्या चाचणीत तो किमान एक दिवसाचा होता. फॉर्मोटेरॉलच्या एका मात्रेचा असर साधारण 12 तास टिकतो, साल्ब्युटामॉलचा त्याहून बराच कमी. म्हणजे दिवसभरात तो ओसरतो, आणि 30.7 मागे कॅरीओव्हर असण्याची शक्यता उरली तरी फार कमी. हा निष्कर्ष औषधशास्त्रातून येतो, बेरजेच्या चाचणीतून नव्हे.

वॉशआउटचं समर्थन लिहिताना बहुतेक जण पाच अर्धायुष्यांचा दाखला देतात. एका अर्धायुष्यात रक्तातलं औषध निम्मं होतं, त्यामुळे पाचांनंतर बत्तिसावा भाग, म्हणजे 3 टक्के उरतं. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनचं अर्धायुष्य 30 ते 50 तास, तेव्हा दहा दिवस तरी थांबायला हवं. पण हा हिशेब रक्तातल्या औषधाचा झाला. मोजायचा असतो तो परिणाम, आणि तो औषध गेल्यावरही राहू शकतो. अॅस्पिरिन स्वतः रक्तात अर्ध्या तासाच्या आतच निम्मं होतं. पण प्लेटलेटवरचा त्याचा असर ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस राहतो. पाच अर्धायुष्यं मोजून तिथे दोन तासांचा वॉशआउट ठरवला, तर कागदावर नियम पाळला जाईल आणि चाचणी फुकट जाईल. ज्या आजारात पहिल्या औषधाने रुग्ण कायमचा बराच होतो, तिथे तर कितीही थांबलं तरी क्रॉसओव्हर चालत नाही.

तेव्हा या चाचणीचा अहवाल काहीसा असा लिहिता येईल:

‘दोन मात्रांमध्ये किमान एक दिवस सोडला, फॉर्मोटेरॉलचा श्वासनलिकांवरचा परिणाम साधारण 12 तास टिकतो, म्हणून तो पुरेसा मानला. कॅरीओव्हरची प्राथमिक चाचणी केली नाही. फेरीचा परिणाम विश्लेषणात धरला आहे. फॉर्मोटेरॉलने पीक फ्लो मिनिटाला 46.6 लिटरने जास्त राहिला (95 टक्के मर्यादा 22.9 ते 70.3). दुसऱ्या फेरीतली वाढ 15.9 लिटर (उणे 7.8 ते 39.6).’

फेरीची मर्यादा शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरली आहे, तरी ती विश्लेषणातून काढलेली नाही. ती ठेवायची हे आधीच ठरलं होतं. निकाल बघून ठरवलं असतं, तर ग्रिझल यांच्या रीतीचा दोष मागच्या दाराने आत आला असता. क्रॉसओव्हर चाचण्यांच्या अहवालासाठी 2019 मध्ये कन्सॉर्ट नियमावलीची वेगळी आवृत्ती निघाली. प्रत्येक क्रमातली संख्या, फेऱ्यांची मांडणी आणि वॉशआउटचा काळ ती मागते. यातला वॉशआउटचा परिच्छेद संख्याशास्त्रज्ञाने एकट्याने लिहू नये. तो औषधशास्त्राच्या जाणकाराबरोबर बसून आणि पहिल्या रुग्णाला औषध देण्याआधी लिहावा.