वाढदिवसाला सरकणारी गुंतवणूक

8 जानेवारी 2008 रोजी सेन्सेक्स 20,873 वर बंद झाला. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये तो सव्वाआठ हजारांच्याही खाली होता. चौदा महिन्यांत साठ टक्के साफ. ही घसरण दोघांच्या वाट्याला आली असं समजू. एक तिशीतली शिक्षिका, निवृत्तीसाठी साठवलेले तीन लाख, त्यातले निम्मे शेअरमध्ये. दुसरे अठ्ठावन्न वर्षांचे अधिकारी, साठ लाखांची पुंजी, तीही निम्मी शेअरमध्ये.

शिक्षिकेचे नव्वद हजार गेले. ती महिन्याला साडेसात हजार टाकत असेल, तर वर्षभराच्या हप्त्यांत भोक बुजलं, शिवाय ते हप्ते पडत्या भावात लागले. अधिकाऱ्यांचे अठरा लाख गेले आणि पगार उरला दोन वर्षांचा. टक्केवारी तीच, पण पुढे येणारा पगार वेगळा. तरुणाची खरी मोठी ठेव म्हणजे अजून न मिळालेला पगार; वय वाढतं तशी ती संपत जाते. म्हणून वयाप्रमाणे शेअरचा वाटा कमी करायचा. या ठरवून दिलेल्या उताराला ग्लाइड पाथ म्हणतात.

आपल्याकडे तो पाहायचा तर राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये. तिथल्या ‘ऑटो चॉइस’मधला एलसी-50 हा पर्याय घ्या. पस्तिशीपर्यंत पन्नास टक्के शेअर, तीस टक्के कंपन्यांचे रोखे, वीस टक्के सरकारी रोखे. त्यानंतर शेअरचा वाटा दरवर्षी दोन टक्क्यांनी उतरतो आणि पंचावन्नला दहावर येऊन थांबतो. तोवर सरकारी रोखे ऐंशी टक्के झालेले असतात. हा बदल खातेदाराच्या वाढदिवसाला आपोआप होतो. तुम्ही केक कापता, तिकडे शेअर कापले जातात.

पण दरवेळी कापले जातातच असं नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. चाळिशीतल्या खात्यात दहा लाख आहेत: चार शेअरमध्ये, अडीच कंपन्यांच्या रोख्यांत, साडेतीन सरकारी रोख्यांत. नवे हप्ते हिशेबासाठी बाजूला ठेवू. वर्षभरात शेअर वीस टक्के वाढले, तर चाराचे 4.80 लाख झाले. रोखे वाढून 6.40 लाख. एकूण 11.20 लाख. एक्केचाळीसला शेअर हवेत 38 टक्के, म्हणजे सुमारे 4.26 लाख. चोपन्न हजारांचे शेअर विकले जातात. आता उलटं धरा. शेअर तीस टक्के पडले, 2.80 लाख उरले, एकूण 9.20 लाख. त्याचे 38 टक्के होतात साडेतीन लाखांच्या आसपास. म्हणजे उतारावर असूनही खात्यात सत्तर हजारांचे शेअर विकत घेतले जातात, तेही लोक घाबरून विकत असताना. स्वतःच्या हाताने हे किती जण करतील?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. घसरण पाहून झोप उडते का, हा स्वभावाचा प्रश्न. घसरण झाली तर घर चालेल का, हा ऐपतीचा. वय फक्त दुसऱ्याचा अंदाज देतं, तोही ढोबळ. जुनं सरकारी निवृत्तिवेतन चालू असलेला साठीतला गृहस्थ तिशीतल्या कर्जबाजारी कंत्राटी कामगारापेक्षा जास्त जोखीम झेलू शकतो. ‘शंभरातून वय वजा करा’ हा लाडका नियम हे पाहत नाही. एनपीएसचा तक्ताही पाहत नाही.

माझ्या मते एलसी-50चा शेवटही जरा जास्तच सावध आहे. पंचावन्नला शेअर दहा टक्क्यांवर आणले आणि माणूस पंच्याऐंशीपर्यंत जगला, तर तीस वर्षं महागाईशी झुंज जवळजवळ रोख्यांच्याच बळावर. रोखेही अचल नसतात. व्याजदर चढले की जुन्या रोख्यांचे भाव उतरतात. हीच तक्रार ओळखून बहुधा 2024च्या ऑक्टोबरात ‘बॅलन्स्ड लाइफ सायकल फंड’ आला. त्यात पन्नास टक्के शेअर पंचेचाळिशीपर्यंत राहतात आणि पंचावन्नला पस्तीस टक्के उरतात.

एनपीएसच्या आत ही अदलाबदल होताना कर लागत नाही. म्युच्युअल फंडात स्वतः उतार आखणाऱ्याला मात्र विकताना नफ्यावर कर येतो. त्याने जुने युनिट विकण्याआधी नवे हप्ते पीपीएफकडे किंवा रोखे फंडाकडे वळवावेत. वाटा तेवढाच सरकतो आणि कर टळतो. मात्र पुंजी मोठी नि हप्ता छोटा झाला की हा मार्ग पुरत नाही, मग थोडी विक्री करावीच लागते.

एनपीएस खातं असेल, तर विवरणपत्रात E, C आणि G या अक्षरांपुढचे टक्के एकदा पाहा. ऑटो चॉइस घेताना कोणता तक्ता निवडला होता हे अनेकांना आठवत नाही, आणि काही न निवडणाऱ्याच्या वाट्याला एलसी-50च येतो.