गुप्त ग्राहक पाहणी

गुप्त ग्राहक पाहणी ही दुकान, दवाखाना, बँक किंवा कार्यालय येथील कर्मचारी आलेल्या माणसाशी प्रत्यक्षात कसे वागतात, हे जाणून घेण्याची पद्धत आहे. तीत प्रशिक्षित व्यक्ती सामान्य ग्राहक म्हणून समक्ष जाते किंवा दूरध्वनी करते, आधी ठरवलेली गरज मांडते आणि नंतर घडलेल्या गोष्टींची नोंद करते. व्यापारात या पद्धतीला 'मिस्टरी शॉपिंग' म्हणतात. वैद्यकीय संशोधनात अशा व्यक्तीला 'प्रमाणित रुग्ण' म्हणतात.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा किंवा गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कारवाईत पाठवला जाणारा बनावट ग्राहक यांपासून ही पाहणी वेगळी आहे. तेथे एका व्यक्तीविरुद्ध पुरावा मिळवायचा असतो, तर येथे एकंदर सेवेची रीत मोजायची असते.

## स्वरूप

नियम काय आहे, असे विचारल्यास कर्मचारी बहुधा योग्य उत्तर देतो. निरीक्षक शेजारी बसला असल्यास तो नेहमीपेक्षा अधिक काळजीने वागतो. त्यामुळे ज्ञान आणि कृती यांतील अंतर प्रश्नावलीतून पुरेसे दिसत नाही. गुप्त ग्राहक हे अंतर दाखवू शकतो. मात्र त्यासाठी प्रत्येक ठिकाणी तीच गरज त्याच शब्दांत मांडली गेली पाहिजे.

## मुंबई, दिल्ली व पाटणा येथील पाहणी

क्षयरोगासंबंधी औषधविक्रेत्यांच्या वर्तनाची एक मोठी पाहणी या तीन शहरांत झाली. तिचे निष्कर्ष 2016 मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 622 दुकानांत मिळून 1,200 भेटी देण्यात आल्या.

भेटींसाठी दोन कथानके होती. पहिल्यात ग्राहक काही आठवड्यांचा खोकला व ताप सांगून औषध मागे. दुसऱ्यात तशाच तक्रारींबरोबर थुंकीच्या तपासणीत क्षयरोग आढळल्याचा अहवाल त्याच्याजवळ असे. प्रतिजैविक किंवा स्टेरॉइड न देता डॉक्टरांकडे पाठवणे, हे दोन्ही प्रसंगी योग्य वर्तन म्हणून आधीच ठरवले होते.

पहिल्या प्रसंगी 599 पैकी 80 भेटींत, म्हणजे सुमारे 13 टक्के वेळा, योग्य वर्तन आढळले. दुसऱ्या प्रसंगी हे प्रमाण 601 पैकी 372, म्हणजे सुमारे 62 टक्के होते. प्रतिजैविक देण्याचे प्रमाणही 37 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आले. क्षयरोगावरील मुख्य औषधे मात्र कोणीही परस्पर दिली नाहीत.

रोगाचे नाव समोर आल्यावर अनेक विक्रेते ग्राहकाला डॉक्टरांकडे पाठवत होते; लांबलेला खोकला ऐकून मात्र ते तसे क्वचितच करत. त्यामुळे उणीव सरसकट बेफिकिरीची नसून मुख्यतः लक्षणांवरून संशय न घेण्याची आहे, असे अनुमान काढता आले. एकच कथानक वापरले असते, तर हा भेद लक्षात आला नसता.

## कार्यपद्धती

कथानकात वय, तक्रार, पहिले वाक्य आणि संभाव्य प्रश्नांची उत्तरे निश्चित केलेली असतात. न विचारलेली माहिती गुप्त ग्राहकाने आपण होऊन द्यायची नसते. तसे झाल्यास कर्मचाऱ्याने चौकशी केली की नाही, हे कळत नाही.

भेट संपताच, शक्य तो तासाभरात, नोंदपत्रक भरले जाते. 'वागणूक चांगली होती' अशा अभिप्रायाऐवजी 'बसायला सांगितले का', 'किती दिवसांपासून त्रास आहे, असे विचारले का' अशा होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नांना प्राधान्य असते. दूरध्वनीच्या पाहणीत किती वेळाने उत्तर मिळाले आणि पुढे काय करावे हे सांगितले का, याची नोंद होते. न उचललेला दूरध्वनीही निष्कर्षात धरावा लागतो. तो वगळल्यास सेवा आहे त्यापेक्षा चांगली दिसते. गर्दीच्या व निवांत अशा दोन्ही वेळी भेटी विभागल्या जातात.

## मर्यादा व नैतिक प्रश्न

गुप्त ग्राहक ओळखला गेल्यास ती भेट निरुपयोगी ठरते. एकाच क्रमांकावरून वारंवार दूरध्वनी येणे किंवा सर्वांनी तेच वाक्य पाठ म्हटल्यासारखे बोलणे, यांमुळे संशय येतो. म्हणून पाहणीनंतर कर्मचाऱ्यांना, कोणत्या दिवशी कोणाविषयी शंका आली होती, असे विचारून ते उत्तर भेटींच्या यादीशी ताडून पाहतात.

फसवणुकीचा आक्षेप कमी करण्यासाठी पुढील काही महिन्यांत अशा भेटी होतील, एवढी पूर्वसूचना काही संस्था देतात. दिवस व व्यक्ती गुप्त राहतात. दवाखान्यात इंजेक्शन किंवा रक्ततपासणी सभ्यपणे टाळण्याचे कारण आधी ठरवलेले असते, आणि तातडीचा रुग्ण आल्यास गुप्त ग्राहक माघार घेतो.

एका कर्मचाऱ्याशी झालेल्या दोन-तीन भेटींवरून त्याचे मूल्यमापन करता येत नाही, कारण तो दिवस अपवादात्मक असू शकतो. निष्कर्ष व्यक्तींची नावे वगळून एकत्रित मांडले जातात. त्यांचा वापर शिक्षेसाठी झाला, तर कर्मचारी सेवा सुधारण्याऐवजी गुप्त ग्राहक ओळखण्याकडे लक्ष देऊ लागतात आणि पुढील पाहणीचे निष्कर्ष विश्वासार्ह राहत नाहीत.