पटकथेची पाटी – भाग ७ : रद्दीतलं पत्र

मागच्या भागात एक खोली आणि दोन माणसं एवढ्याच भांडवलावर लघुपटाचा आराखडा कसा मांडायचा, ते पाहिलं. या आठवड्यात त्या खोलीत एक पत्र ठेवू आणि ते हरवू. पत्र हरवलं की नवा लेखक पहिली गोष्ट करतो ती म्हणजे ते प्रेक्षकापासूनही लपवतो. शेवटच्या मिनिटाला पत्र सापडतं, आपण ‘अच्छा!’ म्हणतो आणि विसरून जातो.

हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तो तिथे आहे हे आधीच कळलं, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. एडगर अ‍ॅलन पो यांच्या १८४४ सालच्या ‘द परलॉइन्ड लेटर’ या कथेत चोरलेलं पत्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, कागद खोचायच्या कप्प्यात असतं. पण वाचकाला हे कळतं ते पत्र परत मिळाल्यानंतर. कोडं म्हणून ती कथा अप्रतिम आहे, पण जीव टांगणीला लावणं तिचं काम नाही. आपल्याला ते करायचंय, म्हणून पत्र कुठे आहे हे पहिल्याच पानावर सांगून टाकायचं.

उदाहरण घेऊ. सुमनमावशी, वय ७२, एकटी राहते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झालेत. नवा चष्मा अजून महिनाभराने मिळणार, जुन्याचा नंबर आता जुळत नाही. घरभर ती नीट वावरते, समोरच्याचा चेहरा तिला दिसतो, पण बारीक अक्षर लागत नाही. दुसरा नितीन, तिचा भाचा, वय ३८. धंद्यासाठी त्याने कर्ज काढलं, तेव्हा ‘वारसाची नोंद करायचीय’ असं सांगून मावशीच्या सह्या घेतल्या आणि घराचा मूळ करारनामा ‘झेरॉक्स काढून आणतो’ म्हणून नेला. हप्ते थकले. बँकेची नोटीस स्पीड पोस्टाने मावशीच्या नावाने निघाली आणि काल पोचली, एवढं नितीनला मोबाइलवर कळलंय. तिने ती कुणाकडून वाचून घेतली का, हे मात्र त्याला माहीत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या काळात कागदी पत्र कशाला, हा प्रश्नही इथेच सुटतो. अशी नोटीस सहसा कागदावरच येते आणि सही करून घ्यावी लागते.

आता पहिलं पान :

```
अंतर्गत / मावशीची बैठकीची खोली / दुपार

मावशी पाकीट फाडते. आतले कागद बाहेर काढते,
डोळ्यांजवळ नेते, लांब धरते. अक्षर लागत नाही.
अंगठ्याने पानं मोजते. ओठ हलतात : एक, दोन, तीन.

जवळून : पत्राचा ठळक विषय –
“थकीत कर्ज : ६० दिवसांत भरणा करण्याबाबत”.
खाली तारण म्हणून याच घराचा पत्ता.

दारावरची बेल. तिकडे बघतच मावशी पत्र पाकिटासकट वर्तमानपत्रात
ठेवते, घडी घालते, कोपऱ्यातल्या रद्दीवर टाकते
आणि दाराकडे वळते.
```

‘जवळून’ लिहिलेला तो तुकडा कंजूषपणाने लिहू नये. पडद्यावर दोनच ओळी असाव्यात आणि त्या सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत टिकाव्यात. अनेक लोक लघुपट मोबाइलवर बघतात, तिथे अख्खं पत्र दाखवलं तर काहीच वाचता येत नाही. आणि ‘मावशीला वाटतं की हे महत्त्वाचं असावं’ असलं वाक्य पटकथेत चालत नाही. वाटणं कॅमेऱ्याला दिसत नसतं. लांब धरलेला कागद दिसतो.

नितीन येतो. मावशी स्वतःच म्हणते, “अरे नित्या, बरा आलास. काल काहीतरी टपाल आलंय, सही घेऊन गेला तो. आत्ता हातात होतं. शोध बघू, आणि वाचून दाखव मला.” या एका वाक्यावर सगळा लघुपट उभा आहे. दोघंही एकच पत्र शोधतात आणि दोघांनाही ते मनापासून हवंय, पण कारणं उलटी. नितीनला काही लपवून शोधावं लागत नाही. तिनेच सांगितलंय.

यापुढची पाच-सहा पानं शोधाशोधीची, आणि बहुतेक पटकथा इथेच मरतात. कपाट उघडलं, गादी उचलली, काही नाही. अशा जागा कितीही वाढवल्या तरी ताण वाढत नाही. शोधलेल्या प्रत्येक जागेने दोघांमधलं काहीतरी हलवलं पाहिजे. इथे तीन जागा पुरतील. बिलांच्या तारेला खोचलेल्या कागदांत नितीनला ऑपरेशनचं बिल सापडतं. मावशीने ते एकटीने भरलंय, तो त्या दिवशी फिरकलाही नव्हता. कालनिर्णयच्या मागे तिने त्याच्यासाठी जपलेलं पाचशेच्या नोटांचं पाकीट निघतं आणि ती म्हणते, “ते तुझंच आहे, दिवाळीला द्यायचं राहिलं.” तिसरी जागा माळा. वर हात पोचावा म्हणून तो रद्दीचा गठ्ठा पायाने ओढतो आणि त्याच्यावर चढतो. आपल्याला माहीत आहे की पत्र त्याच्या तळव्याखाली आहे. त्याला नाही, तिलाही नाही. तेवढ्यात मावशी सहज बोलून जाते, “जाताना ती रद्दीही खाली दे, माझ्याच्याने उचलत नाही.” प्रेक्षक इथे विचित्र पेचात सापडतो. नितीन नालायक असला तरी त्याने तो गठ्ठा घेऊन जावं की नाही, हे पटकन ठरवता येत नाही.

मला इथे फोन वाजवायचा मोह अगदी नको वाटतो. फोनवरचा बँकवाला म्हणजे तिसरं पात्र, आणि त्याच्या तोंडून आलेली माहिती फुकटची. एकांकिकांच्या हौशी मंडळींना ही पळवाट फार आवडते, कारण रंगमंचावर चिठ्ठीतली ओळ शेवटच्या रांगेला दिसत नाही, ती कुणाला तरी बोलूनच दाखवावी लागते. कॅमेऱ्याला ती अडचण नाही.

पत्र सापडावं कसं, यात योगायोग नको. नितीन उतरताना गठ्ठा कलंडतो, वरचं वर्तमानपत्र घसरतं आणि पाकिटासकट पानं मावशीच्याच पायाशी येतात. तिच्यासमोर सापडल्यामुळे त्याला ते खिशात घालता येत नाही. ती म्हणते, “हेच. वाच.” तो पहिल्या पानावर नजर फिरवतो आणि व्याजदर बदलल्याचं काहीतरी सांगतो. तिचा चेहरा सैलावतो. तो पानं दुमडायला लागतो.

“एवढंच?”

“एवढंच.”

“तीन पानं होती रे.”

पटकथेच्या पहिल्या पानावर अंगठ्याने मोजलेली पानं इथे वसूल होतात. तिला सगळं आधीच ठाऊक होतं, असा शेवट करायचा मोह होईल, पण त्याने मागची दहा मिनिटं खोटी ठरतात. तिला मजकूर माहीत नाही, फक्त आकडा माहीत आहे.

पटकथा नीट झाली का, हे तपासायला कच्चा खर्डा कुणाला तरी वाचून दाखवा आणि सहाव्या पानावर थांबून विचारा : पत्र आत्ता कुठे आहे, आणि हे कुणाला माहीत आहे? ऐकणारा अडखळला तर पहिल्या पानावरची घडी घालण्याची क्रिया घाईत झाली आहे, तिला आणखी दोन ओळी द्या. तो उत्तर देऊन ‘पुढे काय?’ म्हणाला, तर पुढे जा.

आणि “तीन पानं होती रे” वर पडदा काळा करू नका. नितीनने दुसरं पान उघडावं, बँकेच्या रुक्ष भाषेत वाचायला लागावं आणि कर्जदार म्हणून स्वतःचं पूर्ण नाव स्वतःच्या तोंडाने उच्चारावं. प्रेक्षक दहा मिनिटं त्याचीच वाट बघत बसलाय.

पुढच्या भागात : याच खोलीत संवाद निम्मे कसे करायचे.