हातचा एक म्हणजे किती?

माझ्याकडे शिकवणीला येणारी एक दहा वर्षांची मुलगी बेरजेत सहसा चुकत नाही. परवा तिने ५८ आणि ६७ची उभी बेरीज केली, १२५ लिहिले आणि वही पुढे सरकवली. उत्तर बरोबर होते. मी दशकाच्या घराच्या डोक्यावर लिहिलेल्या चिमुकल्या १ वर बोट ठेवले.

"हा कोण?"

"हातचा एक."

"किती आहे तो?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "एकच की, ताई!"

हे उत्तर मी बऱ्याच मुलांकडून ऐकले आहे, आणि त्यातली बहुतेक अचूक बेरीज करणारी होती. पाच लिहायचे, एक हातात ठेवायचा, पुढच्या घरात मिळवायचा, ही रीत हाताला बसलेली असते. हातात नेमके काय ठेवले, हे कोणी विचारलेलेच नसते.

मी काडेपेट्या काढल्या. दहा-दहा काड्यांना रबर लावून पाच गठ्ठे आणि आठ सुट्या काड्या एकीकडे मांडल्या, सहा गठ्ठे आणि सात सुट्या दुसरीकडे.

"आधी सुट्या एकत्र कर."

"पंधरा झाल्या."

"मग एककाच्या घरात पंधरा का नाही लिहिलेस?"

"तिथे एकच अंक लिहायचा असतो."

"समज, लिहिले पंधरा. पुढे?"

तिने लिहून पाहिले. सुट्यांचे १५, त्यांच्या डावीकडे गठ्ठ्यांचे ११. झाले १११५! "अकराशे पंधरा? एवढ्या काड्या नाहीयेत," ती म्हणाली.

"मग या पंधरांचे काय करू या?"

तिने जरा विचार केला, दहा काड्या मोजल्या आणि रबर मागितले. गठ्ठा बांधून झाल्यावर तो आपणहून बाकीच्या गठ्ठ्यांशेजारी ठेवला. सुट्या पाचच उरल्या.

"काड्या कमी झाल्या का गं?"

"नाही, बांधल्या फक्त." आणि मग वहीतल्या त्या १ कडे बघून, "ताई, हा एक म्हणजे हा गठ्ठा! म्हणजे दहा!"

हातचा म्हणजे एवढेच. पंधराची दोन भागांत नवी मांडणी झाली, एक दशक आणि पाच सुटे. दशक आपल्या घरी गेले. तिथे त्याची किंमत दहा असते, पण मोजायचा गठ्ठा एकच, म्हणून लिहायचा १. पुढचे तिने मला विचारू दिले नाही. पाच, सहा आणि हा एक, असे बारा गठ्ठे झाले. त्यातले दहा तिने सुतळीने एकत्र बांधले. शंभराचा जुडगा एक, गठ्ठे दोन, सुट्या पाच. "हा पण एकच दिसतो, पण हा शंभराचा," ती म्हणाली.

हे न कळता रीत पाठ असली तर चुका ठरावीक होतात, आणि उत्तरावरून त्या ओळखताही येतात. याच बेरजेचे ११५ आले, तर मूल बांधलेला गठ्ठा विसरले. १६१ आले, तर पंधरातला १ खाली लिहून ५ हातचे धरले, म्हणजे सुट्या काड्यांनाच गठ्ठे समजले. अशा वेळी "नीट लक्ष दे" म्हणून काही होत नाही, कारण मुलाच्या लेखी दोन्ही अंक सारखेच असतात. त्यापेक्षा पन्नास आणि साठ एकशे दहा, आठ आणि सात पंधरा, अशी फोड करून तोंडी बेरीज करून घ्यावी. त्यात हातचा लागतच नाही, आणि लेखी उत्तर त्याच्याशी ताडून पाहता येते.

तिला खरेच कळले का, हे बघायला मी एक वेगळे उदाहरण दिले. एका बसने २ तास ४५ मिनिटे, पुढे दुसऱ्या बसने १ तास ३८ मिनिटे. एकूण प्रवास किती? मिनिटांची बेरीज ८३ आली आणि तिची पेन्सिल थांबली.

"तास व्हायला किती मिनिटे लागतात?" मी विचारले.

"साठ. म्हणजे इथला गठ्ठा साठाचा!" तिने ८३ मधून ६० काढले, २३ लिहिले आणि तासांच्या डोक्यावर १ मांडला. उत्तर ४ तास २३ मिनिटे.

"मग हा हातचा एक किती?"

"साठ मिनिटे," ती म्हणाली, आणि तासांच्या घराकडे बघून पुढे जोडले, "नाहीतर एक तास."

घरी मुलाची बेरीज तपासताना उत्तर बरोबर आले तरी त्या छोट्या १ वर एकदा बोट ठेवून विचारा, हा किती? "एकच" असे उत्तर आले, तर पन्नास-साठ काड्या आणि थोडी रबरे काढून बसा.